तुआसचा समुद्रघोडा: फोटोवरून ओळख कशी पटते

सिंगापूरच्या नकाशावर पश्चिमेला अगदी टोकाशी तुआस आहे. जहाजदुरुस्तीच्या गोद्या, रसायनांचे कारखाने, मलेशियाकडे नेणारा १९९८ साली खुला झालेला दुसरा पूल आणि २०२२च्या सप्टेंबरात औपचारिक उद्घाटन झालेले, पण अजून टप्प्याटप्प्याने बांधले जात असलेले अवाढव्य कंटेनर बंदर अशी या भागाची ओळख. किनाऱ्याचा बराचसा भाग भराव घालून केलेला. तरीही मोठ्या ओहोटीला पाणी मागे हटले की तुआसच्या काही पट्ट्यांत समुद्री गवत उघडे पडते. सिंगापूरच्या स्वयंसेवकांनी त्याची नोंद वर्षानुवर्षे ठेवली आहे. सामुद्रधुनीपलीकडे, जोहोरमधील पुलाई नदीच्या मुखाशी, असेच मोठे गवताळ उथळ क्षेत्र आहे. मलेशियाचे जीवशास्त्रज्ञ चू ची कुआंग यांनी तिथल्या समुद्रघोड्यांचा अभ्यास केला आणि त्यांच्या रक्षणासाठी ‘सेव्ह अवर सीहॉर्सेस’ ही चळवळ उभी केली.

अशा ठिकाणी पाणी गढूळ असते. दूरवरचे स्वच्छ निळे चित्र मिळत नाही. फोटो काढायचा तर वीतभर अंतरावरून. त्या चौकटीत गवताची पाती, चिखलाचे कण आणि मधोमध काहीतरी वाकडे, लांबट किंवा झालरी असलेले. हे ‘काहीतरी’ समुद्रघोडा आहे, त्याचा सरळ अंगाचा भाऊबंद नळीमासा आहे की कवच नसलेली समुद्री गोगलगाय आहे, हे ठरवायला तीन गोष्टी पाहिल्या जातात: शरीराची रूपरेषा, सोंड आणि अंगावरच्या झालरी. यातली खरी मेख झालरींची आहे. समुद्रघोड्याच्या बाबतीत झालरीवर विश्वास ठेवला की नाव चुकते. गोगलगायीच्या बाबतीत मात्र झालर पाहिल्याशिवाय नाव सांगताच येत नाही.

आधी रंग मनातून काढून टाकावा लागतो. समुद्रघोडे भोवतालानुसार रंग बदलतात. एकच जात पिवळी, तपकिरी, काळपट किंवा फिकट दिसू शकते. त्यांच्या डोक्या-पाठीवरचे त्वचेचे धागे तर याहून फसवे. एकाच जातीच्या एका प्राण्यावर ते दाट असतात, दुसऱ्यावर मुळीच नसतात, शिवाय त्यावर शेवाळ चढले की अंगाचा भाग कोणता आणि उपरे काय, हेही कळत नाही. म्हणून जाणकार फोटो समोर आला की डोक्याची बाजू, मुकुट, गाल आणि काटे यांकडे वळतात.

उदाहरण म्हणून तुआससारख्या गवतात टिपलेला एक नमुनेदार फोटो घेऊ. शेपटी एनहॅलस गवताच्या रुंद पात्याला गुंडाळलेली, रंग मळकट पिवळा, डोके डावीकडे. आग्नेय आशियाच्या या भागात पहिले दोन उमेदवार ‘हिप्पोकॅम्पस कुडा’ आणि ‘हिप्पोकॅम्पस कोमेस’. पहिल्याचे शास्त्रीय वर्णन पीटर ब्लीकर या डच अभ्यासकाने १८५२ साली सिंगापूरच्याच नमुन्यावरून केले. दुसऱ्याच्या शेपटीवर पट्टे असतात आणि इंग्रजीत त्याला वाघाच्या शेपटीचा म्हणतात.

आता फोटो मोठा करून गालापासून सुरुवात करायची. कोमेसच्या गालावर ठळक काट्यांची जोडी असते आणि डोळ्यांपुढे, सोंडेच्या मुळाशी, एक टोकदार काटा उभा असतो. कुडाच्या डोक्यावर असा उठावदार नासिकाकाटा नसतो. त्याच्या अंगाच्या कड्यांवर काट्यांऐवजी बोथट, गोलसर उंचवटे असतात. सोंड जाडसर, डोके भरदार. मुकुट मागच्या बाजूला झुकलेला आणि कधी कधी वरून किंचित खोलगट. कोमेसचा मुकुट लहान असतो आणि त्यावर पाच बोंडे वेगवेगळी दिसतात. आपल्या फोटोतला घोडा गालाला गुळगुळीत, नाकाशी काटा नसलेला, पाठीची रेघ उंचवट्यांची आणि शेपटीवर पट्टे नाहीत. मग तो कुडा असण्याची शक्यता जास्त, असे म्हणता येते. ‘शक्यता’ हा शब्द इथे जपून ठेवायचा, कारण पट्टे फिकटही असू शकतात आणि काटे झिजलेलेही.

सोंडेचे माप घेताना बऱ्याच जणांचा घोळ होतो. रीत अशी: सोंडेच्या टोकापासून डोळ्याच्या कडेपर्यंतची लांबी मोजायची आणि सोंडेच्या टोकापासून डोक्याच्या मागच्या, कल्ल्याच्या फटीपाशी असलेल्या उभ्या कड्यापर्यंतची डोक्याची लांबी मोजायची. डोक्यात सोंड किती वेळा बसते, ते पाहायचे. कुडा आणि कोमेस दोघांतही ती सुमारे दोनदा किंवा थोडी जास्त बसते, त्यामुळे या जोडीत नुसत्या सोंडेच्या लांबीने निकाल लागत नाही. पण ‘हिप्पोकॅम्पस मोहनीकी’ या आखूड सोंडेच्या जातीत ती जवळपास तीनदा बसते. तो तिसरा उमेदवार असेल, तर माप कामाला येते. आणखी एक उमेदवार ‘हिप्पोकॅम्पस ट्रायमॅक्युलेटस’. त्याच्या पाठीच्या वरच्या बाजूला पहिल्या, चौथ्या आणि सातव्या कड्यावर गडद ठिपके असू शकतात, गालाचे काटे आकड्यासारखे वाकलेले असतात. ठिपके मात्र प्रत्येकावर दिसतातच असे नाही.

हे मोजमाप तेव्हाच खरे, जेव्हा घोडा कॅमेऱ्याला अगदी आडवा असतो. सोंड कॅमेऱ्याकडे वळलेली असेल तर ती आखूड दिसते, आणि वीतभर अंतरावरून टिपलेल्या चित्रात लेन्सच्या जवळ असलेला भाग प्रमाणाबाहेर मोठा भासतो. पिल्लांच्या बाबतीत आणखी सावध राहावे लागते. त्यांचे डोके अंगाच्या मानाने मोठे असते, शरीर सडपातळ असते आणि काटे प्रौढांपेक्षा ठळक असतात. काट्यांवरून घाईत कुडाच्या पिल्लाला दुसरे नाव चिकटू शकते. नर की मादी हे कळायला मात्र रूपरेषा पुरते: नराच्या पोटाखाली, शेपटीच्या सुरुवातीला, पिल्लांची पिशवी असते आणि तिथली रेघ फुगीर, गुळगुळीत उतरते, मादीचे धड तिथे अधिक ठसठशीत कोनात संपते.

जातींची नावे अशी निसरडी असण्याला इतिहास आहे. जगभरचे कितीतरी काटे नसलेले समुद्रघोडे एकेकाळी सरसकट ‘कुडा’ म्हणून नोंदले गेले. सारा लॉरी आणि सहकाऱ्यांनी २०१६ साली केलेल्या फेरतपासणीत समुद्रघोड्यांच्या ४१ जाती मान्य झाल्या. म्हणून जुन्या यादीत नाव कुडा असले, तरी फोटोत ते पुन्हा तपासावे लागते.

नळीमासा हा समुद्रघोड्याच्याच कुळातला. रूपरेषेत फरक एका रेघेचा: घोड्याचे डोके धडाशी कोन करून वळलेले असते, नळीमाशाचे डोके धडाच्या सरळ रेषेत. मुंडी, धड आणि शेपूट सगळे लांबट, अंगावर कड्यांच्या आडव्या रेघा. तुआसच्या गवतात शोधण्याजोगा एक नळीमासा म्हणजे ‘सिंग्नॅथॉइडिस बायअक्युलियाटस’. अंग हिरवट, चौकोनी कडांचे आणि बऱ्यापैकी रुंद, लांबी पाऊण फुटावरही जाते. त्याच्या शेपटीच्या टोकाला पंख नसतो. शेपटी गवताला गुंडाळता येते. बऱ्याच इतर नळीमाशांच्या शेपटीला छोटासा पंख असतो. त्यामुळे फोटोत शेपटीचे टोक कापले गेले असेल, तर ओळखीचा महत्त्वाचा दुवा गेलाच. नराच्या पोटाखाली चिकटलेली अंडी दिसली तर ती उघड्यावर असतात, घोड्यासारखी बंद पिशवी त्याला नसते.

नळीमाशाची गल्लत बहुधा दोन माशांशी होते: सुईसारख्या लांब जबड्याच्या टोळाशी आणि खालचा जबडा पुढे आलेल्या अर्धचोचीशी. इथे सोंड पुन्हा कामी येते. टोळाचे तोंड जबड्याच्या पूर्ण लांबीने उघडते. नळीमाशाची सोंड म्हणजे बंद नळी असते आणि तोंड तिच्या टोकाला, अगदी लहान. शिवाय पोटाखालचे जोडीचे पंख नळीमाशाला नसतात. हे दोन मुद्दे पुसट फोटोतही तपासता येतात.

समुद्री गोगलगायींकडे वळले की नियम उलटे होतात. इथे सोंड नाही, मणका नाही, घट्ट रूपरेषाही नाही. अंग मऊ, दर क्षणाला आकसते आणि पसरते. आता झालर कुठे आहे आणि कशाची आहे, एवढेच पाहायचे. डोक्यावर दोन शिंगे दिसली की गोगलगाय असण्याची खात्री वाढते. या शिंगांनी ती पाण्यातला गंध हुंगते. मग पाठीच्या मागच्या भागाकडे पाहावे. तिथे पिसांसारख्या कल्ल्यांचा गोल झुपका असेल, तर ती डोरिड गटातली. सिंगापूरच्या पाण्यात भेटणारी ‘जोरुना फ्युनेब्रिस’ अशीच: पांढऱ्या अंगावर काळी कडी, पाठीवर कल्ल्यांचा झुपका. पाठभर बोटांसारखे मऊ उभार ओळीने असतील, पण झुपका नसेल, तर एओलिड गट. ‘एलिसिया’ ही गवत-शेवाळाचा रस शोषणारी गोगलगाय, तिच्या दोन्ही बाजूंना अंगाचे पडदे दुमडून पाठीवर येतात आणि वेगळे कल्ले दिसत नाहीत.

गवताळ किनाऱ्यावर सगळ्यात जास्त गोंधळ उडवते ‘बर्साटेला लीचाय’. अंगभर फांद्या फुटलेले केस, हिरवट-तपकिरी रंग, मध्येच निळे ठिपके. चिखलात पडलेल्या शेवाळाच्या गोळ्यापासून ती वेगळी काढायची तर गुंडाळलेली दोन शिंगे शोधावीत. डिवचली तर ती जांभळा रंग सोडते; त्यासाठी डिवचण्याचे मात्र काही कारण नाही.

गोगलगायीचा खरा तोतया म्हणजे चपटकृमी. त्याच्या कडेला लाटांसारखी झालर असते, रंगही भडक असतात आणि डोक्याशी शिंगांसारखे दोन उभार दिसतात. पण ते उभार वेगळे नसून अंगाच्याच कडेला पडलेली घडी असते. पाठीवर कल्ल्यांचा झुपका नसतो, बाजूने पाहिले तर सगळे अंग भिजलेल्या पापुद्र्याएवढे पातळ. मग झुपका नाही म्हणजे चपटकृमीच का? नाही, कारण ‘फिलिडिएला’सारख्या काही गोगलगायींचे कल्ले पाठीवर नसून अंगाच्या कडेखाली दडलेले असतात. त्यांची ओळख पाठीवरच्या कठीण, उंच गाठींवरून आणि खऱ्या, वेगळ्या शिंगांवरून पटते. वरून एकच फोटो घेतला तर हा वाद मिटत नाही. बाजूचा आणि डोक्याचा जवळचा फोटो लागतो.

म्हणून गवतात काम करणारे लोक शक्यतो तीन चित्रे घेतात: पूर्ण प्राणी, आडवे डोके आणि शेपटी किंवा पाठ. प्राण्याला हात लावत नाहीत. समुद्रघोड्याला पापण्या नसतात, म्हणून झगमगता फ्लॅश पुन्हा पुन्हा टाकत नाहीत. ठिकाण, तारीख आणि ओहोटीची वेळ यांची नोंद होते. ‘प्रोजेक्ट सीहॉर्स’ने २०१३ साली सुरू केलेल्या ‘आयसीहॉर्स’ उपक्रमात सामान्य माणसाच्या अशा फोटोंची नोंद जागतिक माहितीत जाते.

हाच अभ्यास आपल्याकडेही करता येतो. मुंबईच्या खडकाळ किनाऱ्यांवर ओहोटीच्या वेळी समुद्री गोगलगायी दिसतात आणि ‘मरीन लाइफ ऑफ मुंबई’चे स्वयंसेवक २०१७पासून त्यांची नोंद करीत आहेत. समुद्रघोडे व नळीमासे भारतात २००१पासून वन्यजीव कायद्याने संरक्षित आहेत. ते पकडणे, सुकवणे, विकणे गुन्हा आहे. तेव्हा मालवणला, रत्नागिरीला किंवा सिंगापूरच्या नातलगांकडे गेल्यावर असा प्राणी दिसलाच, तर फोटो बाजूने घ्या, शेपटीचे टोक चौकटीत ठेवा आणि गालावरचे काटे स्पष्ट नसतील तर नावापुढे ‘जात अनिश्चित’ असे निःसंकोच लिहा.