हा ‘तो’ नेमका कोण?

जेम्स जॉइसच्या ‘युलिसिस’ या कादंबरीचे शेवटचे प्रकरण उघडले की आधी डोळेच गांगरतात. वरपासून खालपर्यंत पान अक्षरांनी खच्चून भरलेले. स्वल्पविराम नाही, प्रश्नचिन्ह नाही, कोण बोलले हे दाखवणारे अवतरणचिन्ह नाही. वीस हजारांहून जास्त शब्दांचा हा मजकूर जॉइसने फक्त आठ ‘वाक्यां’त मांडला आहे. त्यातले पहिले एकटेच अडीच हजार शब्दांचे आहे, असे त्याने १९२१ साली फ्रँक बजेन या मित्राला पत्रातून कळवले होते. पूर्णविराम दोनच: एक चौथ्या वाक्याच्या अखेरीस आणि दुसरा अगदी शेवटी.

बरेच वाचक सतरा प्रकरणे नेटाने पार करतात आणि इथे येऊन अडखळतात. खरे तर या पुस्तकातल्या कित्येक प्रकरणांपेक्षा हे प्रकरण सोपे आहे. फक्त अडचण जिथे दिसते तिथे ती नाही, हे आधी लक्षात यावे लागते.

कादंबरी पॅरिसमध्ये सिल्व्हिया बीच यांनी २ फेब्रुवारी १९२२ रोजी प्रसिद्ध केली. कथा डब्लिन शहरातल्या एकाच दिवसाची, १६ जून १९०४ ची. लिओपोल्ड ब्लूम हा जाहिराती मिळवून देणारा मध्यमवयीन माणूस दिवसभर शहरात हिंडतो आणि रात्री उशिरा घरी परततो. त्याची बायको मॉली गायिका आहे. दुपारी चारच्या सुमारास तिच्या गाण्यांचा दौरा ठरवणारा बॉयलन घरी येऊन गेला आहे. तो कशासाठी आला होता, हे ब्लूमला पक्के ठाऊक आहे. शेवटच्या प्रकरणात मध्यरात्र उलटली आहे. ब्लूम पलंगाच्या पायथ्याकडे डोके करून झोपला आहे आणि मॉली त्याच्याशेजारी टक्क जागी आहे. तिच्या मनात जे येते, तेवढेच पानावर उतरते. या लेखनपद्धतीला मराठी समीक्षेत संज्ञाप्रवाह म्हणतात. बा. सी. मर्ढेकरांनी १९४२ साली ‘रात्रीचा दिवस’ लिहून ती मराठी कादंबरीत आणली.

विरामचिन्हे गेली म्हणून व्याकरणही गेले, असा वाचकाचा समज होतो. तसे झालेले नाही. डेरेक अॅट्रिज या जॉइसच्या अभ्यासकाने हे नेमके दाखवून दिले आहे. मॉलीच्या मजकुरात विरामचिन्हे परत घातली, तर त्यातून बहुतांशी साधी, बोलण्यातली, पूर्ण वाक्ये निघतात. उलट आधीच्या प्रकरणांत ब्लूमचे विचार येतात तेव्हा विरामचिन्हे जागच्या जागी असतात, पण वाक्ये तुटकी, अर्धी, कधी कर्ता गाळलेली तर कधी क्रियापद गाळलेले. तिथे वाचकाला रिकाम्या जागा भरत जावे लागते. मॉलीच्या बाबतीत काम फक्त सांधे शोधण्याचे आहे.

हे काम पेन्सिलीने होते. पहिली दोन पाने हळू, शक्यतो मोठ्याने वाचायची आणि आवाज आपोआप थांबेल तिथे बारीक तिरकी रेघ मारायची. मॉलीला काही शब्दांची सवय आहे. ‘आणि’, ‘कारण’, ‘अर्थात’, ‘मला वाटते’ आणि ‘हो’ या अर्थाचे तिचे इंग्रजी शब्द आले की बहुधा नवे उपवाक्य सुरू झालेले असते. विशेषनामांची मोठी अक्षरे जॉइसने काढलेली नाहीत, त्यामुळे माणसे आणि गावे पानावर उठून दिसतात. लोपचिन्हे मात्र तो गाळतो. इंग्रजीत ‘मी करीन’ याचे जे संक्षिप्त रूप होते, ते त्यामुळे ‘आजारी’ या अर्थाच्या शब्दासारखे दिसू लागते आणि वाक्य अकारण दुखणाईत होते. ओळ मोठ्याने वाचली की हा घोळ लगेच लक्षात येतो. दोन-तीन पानांनंतर पेन्सिलीची गरज उरत नाही.

खरा गुंता सुरू होतो तो सर्वनामांपाशी.

एसटीत शेजारचा प्रवासी फोनवर बोलत असतो, तेव्हा ‘तो आला का’, ‘तिला सांगितलंस ना’ एवढेच आपल्या कानी पडते. कोण तो आणि कोण ती, हे बोलणाऱ्याला माहीत असते, म्हणून तो नावे घेत नाही. मॉली तर स्वतःशीच बोलते आहे. नावे घ्यायचे तिला कारणच नाही. तिचा ‘तो’ दहा ओळींत तीन पुरुषांना लागू होऊ शकतो आणि ही बदली कुठे झाली, ते सांगायला मध्ये साधा स्वल्पविरामही नाही.

प्रकरणाची सुरुवातच पाहा. ‘त्याने’ सकाळचा नाश्ता अंड्यांसह अंथरुणातच मागितला, याचे मॉलीला नवल वाटते आहे. हा ‘तो’ ब्लूम, कारण शेजारी झोपलेला तोच. असे त्याने पूर्वी एका हॉटेलात राहत असताना केले होते, हे तिला आठवते. आजारी असल्याचा आव आणून तो तिथल्या मिसेस रिओर्डन या म्हातारीवर छाप पाडू पाहत होता. म्हातारीचे नाव एकदाच येते, मग बराच वेळ नुसती ‘ती’ राहते: तिचा धर्मभोळेपणा, तिचे आजार, आणि मरताना आपल्या आत्म्याच्या शांतीच्या प्रार्थनांसाठी पैसे ठेवून या दोघांना छदामही न देणे. आजची मागणी, जुने हॉटेल आणि मेलेली म्हातारी असे तीन थर एका दमात येतात. त्यांना जोडणारा धागा एकच, अंथरुणात पडून सेवा करून घेणारा नवरा.

‘तो’ कोण हे ठरवायला भोवतालच्या वस्तू उपयोगी पडतात. काळ आत्ताचा असेल आणि पलंग, पाय, झोप यांचा उल्लेख असेल, तर ब्लूम. आज दुपार, पोर्ट वाइन, दौऱ्याचा बेत असेल, तर बॉयलन. समुद्र, गलबत, किल्ल्याची भिंत असेल, तर मल्वी. हा आरमारी अधिकारी तिला जिब्राल्टरमध्ये भेटला होता. तिचे चुंबन घेणारा तो पहिला पुरुष, पण त्याचे पाळण्यातले नाव जॅक, जो की हॅरी, हे तिला धड आठवत नाही. लष्करी गणवेश आणि दक्षिण आफ्रिकेतले युद्ध आले, तर गार्डनर. तो तिकडे आतड्याच्या तापाने दगावला. हे चौघे पुस्तकाच्या मुखपृष्ठाच्या आतल्या बाजूला त्यांच्या खुणांसह लिहून ठेवले, तर मागेपुढे पाने उलटण्याचा निम्मा त्रास वाचतो.

दुसरा प्रश्न काळाचा. प्रसंग बदलला हे सांगायला मोकळी ओळ नाही. पण मॉली कितीही दूर गेली तरी तिला खोलीत परत आणणाऱ्या गोष्टी जॉइसने पेरून ठेवल्या आहेत: सेंट जॉर्ज चर्चच्या घड्याळाचे टोले, कुरकुरणारा पलंग, अचानक सुरू झालेली मासिक पाळी आणि त्यासाठी उठावे लागणे. काही खुणा आधीच्या प्रकरणांशीही जुळतात. संध्याकाळी झोप लागली असताना ढगांच्या गडगडाटाने आपण दचकून जागे झालो, असे मॉलीला आठवते. तोच गडगडाट वाचकाने चौदाव्या प्रकरणात ब्लूमबरोबर प्रसूतिगृहात ऐकलेला असतो. दिवसभर वेगळे राहिलेले नवरा-बायको अशा एखाद्या आवाजात क्षणभर एकत्र येतात.

चौथ्या वाक्याची सुरुवात या दृष्टीने तपासण्यासारखी आहे. दूरवर आगगाडीची शिट्टी होते. जॉइसने ती अक्षरे लांबवून, आवाज जसाच्या तसा लिहिली आहे. शिट्टीवरून मॉलीच्या मनात येतात ती राक्षसी ताकदीची इंजिने आणि बायकांपासून दूर, रात्रभर त्या तापलेल्या इंजिनांवर भाजून निघणारे पुरुष. भाजण्यावरून आजचा कोंदट दिवस आठवतो. मध्येच नवऱ्याच्या घरभर पडलेल्या जुन्या वर्तमानपत्रांची कटकट येते. मग पाऊस येऊन गेल्याचा दिलासा, कारण उकाडा अगदी जिब्राल्टरसारखा होणार असे तिला वाटले होते. एवढा शब्द आला, की ती डब्लिनमधून गेलीच. पुढे तो तापलेला खडक, पहाऱ्यावरचे लाल गणवेशातले शिपाई, मच्छरदाण्या, टाक्यांतल्या पावसाच्या पाण्याचा वास आणि उन्हाने विटून गेलेला, पॅरिसहून आलेला एक सुंदर झगा.

शिट्टी आजच्या रात्रीची आणि झगा पोरवयातला. पण वाटेतला एकही टप्पा मनमानीचा नाही. इंजिनाची धग, दिवसाचा उकाडा, खडकाची आग आणि विटलेले कापड, सगळे उष्णतेच्याच दोरीला ओवलेले आहे. प्रसंग हरवला असे वाटले, की ‘आता आपण कुठे आहोत’ यापेक्षा ‘मागच्या ओळीतली कोणती गोष्ट तिला इथे घेऊन आली’ असे विचारून पाहावे. ती गोष्ट बहुधा चार-पाच ओळी मागेच सापडते: एखादा वास, आवाज, कापड किंवा शरीराची तक्रार.

ही रीत पुस्तकाच्या शेवटच्या पानापर्यंत चालते आणि तिथे मात्र फसते. शेवटाकडे मॉलीला ब्लूमने हाउथच्या टेकडीवर लग्नाची मागणी घातली तो दिवस आठवतो. त्याच ओघात जिब्राल्टरचे रस्ते, बागा, फुले आणि समुद्र येतो आणि मूरकालीन भिंतीखाली ‘त्याने’ घेतलेले चुंबनही येते. ते चुंबन मल्वीचे. पण लगेच पुढचा ‘तो’, जो दुसऱ्या कुणाइतकाच चालण्यासारखा आहे असे तिला वाटले, तो ब्लूम. दोघांच्या मध्ये एकाच सर्वनामाचा पूल आहे. इथे पेन्सिलीची रेघ नेमकी कुठे मारायची हे ठरत नाही, कारण मॉलीच्या मनातही ती नाही. तोवर प्रत्येक ‘तो’ ओळखायला शिकलेल्या वाचकालाच हे दोन पुरुष एकमेकांत मिसळल्याचे कळते. गुंता न सोडवता नुसते वाहत आलेल्याला तिथे एकच माणूस दिसतो.

हे सगळे एका बैठकीत होणारे नाही. थांबायचे तर आठांपैकी एखाद्या वाक्याच्या अखेरीस थांबावे. अधेमध्ये पुस्तक मिटले, तर दुसऱ्या दिवशी सूर सापडायला पुन्हा दोन पाने मागे जावे लागते. ऐकण्याची सोयही आहे. आयर्लंडच्या आरटीई नभोवाणीने १९८२ साली जॉइसच्या जन्मशताब्दीनिमित्त पूर्ण कादंबरीचे नाट्यवाचन सलग प्रसारित केले होते. ते जवळजवळ तीस तासांचे आहे. एखादे वाक्य आधी त्यात ऐकून मग छापील पान समोर धरले, तर कुठे श्वास घ्यायचा, ते बऱ्याच अंशी ठरून गेलेले असते.