न फुटलेली काच

बी.ए.च्या मानसशास्त्राच्या पेपरसाठी प्रयोगांची छोटी कार्डं करणाऱ्या विद्यार्थ्यांच्या गठ्ठ्यात लॉफ्टस आणि पामर यांचा १९७४ सालचा प्रयोग हमखास असतो. कार्डावर पद्धत, निष्कर्ष आणि टीका असे तीन भाग असतात. निष्कर्षासमोर पुष्कळदा एकच ओळ दिसते: प्रश्नातल्या शब्दामुळे आठवण बदलते. पण संशोधकांना तिथवर पोचायला दोन प्रयोग करावे लागले, आणि कार्डावरून नेमका दुसराच गळतो.

पहिल्या प्रयोगात ४५ अमेरिकी विद्यार्थ्यांना मोटार अपघातांच्या सात चित्रफिती दाखवल्या. मग गाड्यांचा वेग विचारला. प्रश्न सर्वांना तोच, फक्त क्रियापद गटागणिक वेगळं. ‘स्मॅश्ड’ म्हणजे चक्काचूर होईल अशा आदळल्या, असं विचारलं तेव्हा सरासरी अंदाज ताशी ४० मैलांहून थोडा जास्त आला. ‘कॉन्टॅक्टेड’, म्हणजे नुसत्या टेकल्या, असं विचारल्यावर तो ३१.८ वर उतरला.

आठवण बदलल्याचा हा पुरावा मात्र नव्हे. वेगाचा नीट अंदाज नसलेला माणूस जोरकस शब्द ऐकून मोठा आकडा सांगू शकतो. त्याच्या मनातलं दृश्य तेव्हाही तसंच असू शकतं.

ही शंका फेडण्यासाठी दुसरा प्रयोग झाला. १५० विद्यार्थ्यांनी अपघाताची एक छोटी चित्रफीत पाहिली. ५० जणांना ‘स्मॅश्ड’ वापरून वेग विचारला, ५० जणांना ‘हिट’ वापरून, आणि उरलेल्यांना वेगाबद्दल काहीच विचारलं नाही. आठवड्यानंतर चित्रफीत पुन्हा न दाखवता सर्वांना काही प्रश्न विचारले, त्यांतला एक असा: फुटलेली काच दिसली होती का? चित्रफितीत फुटलेली काच नव्हतीच. तरी ‘स्मॅश्ड’ ऐकलेल्यांपैकी १६ जण ‘हो’ म्हणाले. ‘हिट’च्या गटात ७ आणि तिसऱ्या गटात ६. हे तिन्ही आकडे कार्डावर हवेतच, कारण आठवण बदलल्याचा दावा त्यांच्यावर उभा आहे. अर्थात, ‘स्मॅश्ड’ गटातल्या ३४ जणांनी काच दिसल्याचं सांगितलं नाही, हेही त्याच आकड्यांत आहे.

टीकेच्या भागात ‘प्रयोग कृत्रिम होता’ एवढंच लिहिलं तर परीक्षकाच्या हाती फारसं काही लागत नाही. पद्धतीतली कोणती बाब खटकते, ते सांगायला हवं. इथे सहभागी सगळे विद्यार्थी होते, आणि पडद्यावरच्या अपघातात भीती नसते. यूल आणि कटशॉल यांनी १९८६ मध्ये कॅनडातल्या एका खऱ्या गोळीबाराच्या १३ साक्षीदारांचा अभ्यास प्रसिद्ध केला. चार-पाच महिन्यांनी मुलाखती घेताना त्यांनी दिशाभूल करणारे प्रश्न मुद्दाम पेरले होते, पण साक्षीदारांच्या आठवणी बऱ्याच अचूक राहिल्या.

पण या अभ्यासानं लॉफ्टस-पामर खोटे ठरले, असं लिहिणंही घाईचं होईल. सर्वाधिक ताण आल्याचं सांगणारे साक्षीदार घटनेच्या सर्वांत जवळही होते. त्यांच्या आठवणी पक्क्या राहिल्या त्या ताणामुळे की जवळून पाहिल्यामुळे, हे त्या अभ्यासातून वेगळं काढता येत नाही.