पायातले दाणे : मायसेटोमाचं निदान उशिरा का होतं?

साताऱ्याशी या आजाराचा जुना संबंध आहे. ‘ग्रेज अ‍ॅनाटॉमी’ची चित्रं काढणारे डॉ. हेन्री व्हॅनडाइक कार्टर १८६०च्या दशकात साताऱ्यात सिव्हिल सर्जन होते. पाय सुजून त्यातून दाणे पडणाऱ्या आजाराला ‘मायसेटोमा’ हे नाव त्यांनीच दिलं, आणि १८७४ मध्ये त्यावर ग्रंथही लिहिला. दीडशे वर्षांनंतरही हे निदान उशिराच होतं. का, ते आज पाहू.

समजा, एक शेतमजूर अनवाणी चालताना त्याच्या पायात बाभळीचा काटा मोडला. काट्याबरोबर मातीतली बुरशी किंवा जिवाणू आत गेले. जखम भरली आणि तो काटा विसरला. काही महिन्यांनी तळव्याजवळ टणक गाठ आली. ती दुखत नाही, म्हणून तो कामावर जातच राहिला. पुढे पाय सुजला, गाठी फुटल्या, पू वाहू लागला. एक छिद्र बुजतं, शेजारी दुसरं उघडतं. दुखलं नाही म्हणून दवाखाना लांबला, हा पहिला उशीर.

दुसरा उशीर दवाखान्यात होतो. ‘पू झालाय’ म्हणून पाच-सात दिवसांच्या गोळ्या मिळतात. उघड्या जखमेत वरून शिरलेले साधे जिवाणू त्यानं मरतात, पू कमी होतो आणि बरं वाटतं. खोलवरचा आजार मात्र तसाच राहतो. वरवरचा पू तपासायला पाठवला, तर अहवालातही तेच साधे जिवाणू येतात. कधी हाडाचा क्षय समजून उपचार सुरू होतात. सुरुवातीच्या एक्स-रेमध्ये तर बहुधा काहीच दिसत नाही.

खरा पुरावा असतो पुवातल्या दाण्यांत. ते खसखशीएवढे किंवा त्याहून बारीक असतात आणि पट्टीच्या कापडाला चिकटतात. म्हणून जुनी पट्टी फेकण्याआधी नीट पाहायची. दाणे काळे असतील तर बहुधा बुरशी, लाल असतील तर जिवाणू. पांढरे-पिवळसर दाणे दोन्हींत येतात, म्हणून नुसत्या रंगावर थांबता येत नाही. दाणा चिरडून सूक्ष्मदर्शकाखाली धरला की बुरशीचे धागे जाड दिसतात, जिवाणूंचे अगदी बारीक. दाणे मिळालेच नाहीत, तर खोलवरचा तुकडा काढून तपासावा लागतो.

हा फरक कळल्याशिवाय उपचार ठरत नाही. जिवाणूंचा मायसेटोमा योग्य प्रतिजैविकांनी, पण कित्येक महिने औषध घेऊन, बहुतेकदा बरा होतो. बुरशीवर ही औषधं चालत नाहीत. तिथं इट्राकोनॅझोलसारखं औषध महिनोन्‌महिने घ्यावं लागतं आणि अनेकदा शस्त्रक्रियाही करावी लागते. गाठ लहान असताना ती अखंड काढता येते. आजार हाडात पसरल्यावर कधी पायच कापावा लागतो.

तेव्हा पायाची न दुखणारी सूज, वाहणारी छिद्रं आणि दाणे ही तीन लक्षणं एकत्र दिसली, तर आणखी एक आठवडा गोळ्या खाऊन वाट पाहू नये. रुग्णानं पट्टीसकट जिल्हा रुग्णालय किंवा वैद्यकीय महाविद्यालय गाठावं.