निळी पाटी, हिरवी पाटी

ब्रिटनमध्ये गाडी चालवताना आधी पाटीचा रंग बघावा. निळी मोटरवेची, हिरवी मुख्य रस्त्याची, पांढरी स्थानिक रस्त्याची. हिरव्या पाटीत निळा चौकोन असला, तर त्या बाजूने मोटरवे लागतो.

हीथ्रोहून ऑक्सफर्डला जाताना एम २५ वर काळ्या चौकोनातला १६ आकडा शोधायचा. तिथे एम ४० मिळतो. एक्झिटची पहिली पाटी साधारण मैलभर आधी येते. ताशी ७० मैलांच्या वेगात तो मैल ५१ सेकंदांत संपतो, म्हणून तिथेच डावीकडे सरकायला लागावं. पुढे बहुतेक एक्झिटना तिरक्या पट्ट्यांच्या छोट्या पाट्या दिसतात: तीन, दोन, एक. पट्टीमागे १०० यार्ड. तिसरीपर्यंत रेंगाळणारे महाभाग असतातच, पण तीन पट्ट्या दिसल्या की हातात जेमतेम नऊ सेकंद उरतात. चुकलंच, तर पुढच्या जंक्शनला उतरावं. मोटरवेवर यू-टर्नला बंदी आहे.