मुलगी पाहिली की मुलीला पाहिलं?

‘मी श्यामची आई पाहिली’ आणि ‘मी श्यामच्या आईला पाहिलं’. पहिल्या वाक्यात आचार्य अत्र्यांचा 1953 सालचा चित्रपट आहे, दुसऱ्यात श्याम नावाच्या कुणाची तरी आई बाजारात दिसली आहे. अवतरणचिन्हं कानाला ऐकू येत नाहीत, तरी आपला गोंधळ होत नाही. हे काम एकटा ‘ला’ करतो. शाळेत घोकलेल्या ‘स, ला, ते’च्या तक्त्यात मात्र तो कधी लावायचा आणि कधी नाही, हे कुठेच लिहिलेलं नसतं.

आता ही जोडी बघा. ‘काकूंनी मुलगी पाहिली.’ ‘काकूंनी मुलीला पाहिलं.’ पहिलं ऐकताच कांदेपोहे आठवतात, स्थळ आलंय. दुसऱ्यात एक ठरावीक मुलगी काकूंच्या नजरेस पडली, एवढंच. ‘डॉक्टर बोलवा’ म्हटलं की कोणताही चालेल. ‘डॉक्टरांना बोलवा’ म्हटलं की ते आपले नेहमीचे. कर्म सजीव असेल आणि बोलणाऱ्याच्या मनात ठरलेलं असेल तर ‘ला’ किंवा ‘ना’ येतो. नुसत्या गरजेपुरतं किंवा प्रकारापुरतं असेल तर बहुधा येत नाही. वस्तूंना तो सहसा लागतच नाही. ‘पुस्तकाला वाचलं’ हे हिंदीच्या वळणाचं मराठी. ‘पुस्तकाला कव्हर घातलं’ ठीक, कारण तिथे घातलं गेलं ते कव्हर.

‘ला’ येताच आणखी दोन गोष्टी हलतात. ‘मुलगी’ची ‘मुली’ होते, म्हणजे सामान्यरूप. सोबतचं ‘श्यामची’ही ‘श्यामच्या’ होतं. आणि क्रियापद मुलीचा हात सोडतं: ‘पाहिली’चं ‘पाहिलं’. व्याकरणात याला कर्मणी आणि भावे प्रयोग म्हणतात, पण नावं विसरलात तरी जोडी विसरू नका. पडताळा भूतकाळात घ्यावा, कारण ‘काकू मुलगी पाहतात’ आणि ‘काकू मुलीला पाहतात’ यांत क्रियापद काकूंच्याच मागे जातं आणि फरक अर्धा झाकला जातो. गुजरातीत प्रत्यय लागल्यावरही क्रियापद मुलीप्रमाणेच चालतं, म्हणून गुजराती शेजारी ‘मी मुलीला पाहिली’ म्हणाले तर त्यात नवल नाही. प्रमाण मराठीत ते खटकतं.

खरी अडचण दोन ‘ला’ समोरासमोर आले की होते, कारण द्वितीया आणि चतुर्थीचे प्रत्यय एकच. ‘आईने बाळाला आजीला दाखवलं’ यात कोण कुणाला बघतंय? बोलणारे इथे तक्ता उघडत नाहीत. ते बाळ ठरावीक असूनही त्याचा ‘ला’ काढून टाकतात आणि म्हणतात, ‘आईने बाळ आजीला दाखवलं.’ बाळाला आजी दाखवायची असेल तर ‘आजी’चा ‘ला’ जातो आणि क्रियापदही बदलतं: ‘आईने बाळाला आजी दाखवली.’