पंचवीसांत एक वाहक: हे उत्तर बरोबर आहे का?

उत्तर युरोपीय वंशाच्या लोकांमध्ये सिस्टिक फायब्रोसिस हा आजार साधारण २,५०० बाळांमागे एकाला होतो. फुफ्फुसांत आणि स्वादुपिंडात घट्ट, चिकट स्राव साठत जातो आणि श्वासाचे, पचनाचे विकार मागे लागतात. आई आणि वडील दोघांकडून सदोष जनुक आलं तरच आजार होतो. एकाकडूनच आलं तर माणूस ठणठणीत राहतो, पण ते जनुक पुढच्या पिढीला देऊ शकतो. अशा माणसाला वाहक म्हणतात. बारावीच्या जीवशास्त्रात यावर हमखास प्रश्न असतो: समाज जनुकीय समतोलात आहे असं धरलं, तर सदोष जनुकाचं प्रमाण किती आणि वाहक किती?

या गणिताचा पाया १९०८ साली घातला गेला. केंब्रिजचे गणिती जी. एच. हार्डी, म्हणजे रामानुजनना इंग्लंडला बोलावणारे हार्डी, आणि जर्मनीतले डॉक्टर विल्हेल्म वाइनबर्ग यांनी तो एकमेकांच्या नकळत मांडला. समाज मोठा असेल, लग्नं जुळताना या जनुकाचा काही संबंध नसेल आणि नवं बदललेलं जनुक, स्थलांतर किंवा निवड यांचा हस्तक्षेप नसेल, तर जनुकांचं प्रमाण पिढ्यान्‌पिढ्या तेच राहतं. निरोगी जनुकाचं प्रमाण p आणि सदोष जनुकाचं q मानलं, तर लोकांची विभागणी अशी होते: p² + 2pq + q² = 1. यात q² म्हणजे रुग्ण आणि 2pq म्हणजे वाहक.

आता उत्तर काढू. २,५०० त एक रुग्ण म्हणजे q² = ०.०००४. त्याचं वर्गमूळ ०.०२, हे सदोष जनुकाचं प्रमाण. मग p झालं ०.९८, आणि वाहक २ × ०.९८ × ०.०२ = ०.०३९२. म्हणजे शंभरात जवळजवळ चार, किंवा साधारण पंचवीसांत एक.

हे ताडून पाहायचं कसं? बहुतेक विद्यार्थी तिन्ही संख्यांची बेरीज करतात: ०.९६०४ + ०.०३९२ + ०.०००४ = १. बेरीज जमली की पान उलटतात. ही पडताळणी फार दुबळी आहे. समजा कुणी वर्गमूळ घ्यायला विसरला आणि ०.०००४ लाच q मानून बसला, तरी त्याच्या तीन गटांची बेरीज एकच येईल. p आणि q मिळून एक होतात, तेव्हा त्यांच्या बेरजेचा वर्गही एकच होणार, मग q काहीही असो. वर्गमूळ विसरण्याची चूक पकडायची तर उत्तरातला q घेऊन त्याचा वर्ग करावा आणि प्रश्नातला रुग्णांचा आकडा परत मिळतो का ते पाहावं. ०.०००४ चा वर्ग सुमारे ६२ लाखांत एक एवढा येतो. प्रश्न तर २,५०० त एक म्हणतो.

2pq मधला २ गाळण्याची चूक वेगळ्या वाटेने सापडते: माणसं मोजायची आणि त्यांच्याकडची जनुकं मोजायची. दहा हजार लोक घ्या. त्यांत ४ रुग्ण, ३९२ वाहक आणि ९,६०४ जणांकडे सदोष जनुक नाही. प्रत्येकाकडे दोन जनुकं, म्हणजे एकूण २०,०००. रुग्णांकडे सदोष ८, वाहकांकडे ३९२, मिळून ४००. आणि ४०० भागिले २०,००० म्हणजे ०.०२. जमलं. २ गाळून वाहक १९६ धरले असते, तर हा हिशेब लगेच फसला असता. या मोजणीतून आणखी एक गोष्ट डोळ्यांसमोर येते: चारशेपैकी ३९२ सदोष जनुकं निरोगी माणसांकडे आहेत. घराण्यात कुणालाच आजार नसताना बाळ आजारी निघतं, ते यामुळेच.

मला सर्वांत आवडणारी पडताळणी मात्र पुढच्या पिढीतून येते. वाहक पंचवीसांत एक, म्हणून नवरा-बायको दोघंही वाहक असण्याची शक्यता ६२५ त एक. अशा जोडप्याचं मूल आजारी असण्याची शक्यता एक चतुर्थांश. गुणाकार २,५०० त एक, म्हणजे सुरुवातीचाच आकडा. पण इथे आपण ०.०३९२ ला सोयीसाठी ०.०४ केलं आहे. नेमका आकडा घेतला, तर एक लाख बाळांमागे ४० ऐवजी ३८.४ रुग्ण येतात. उरलेले १.६ कुठे गेले? समतोलाचं गणित रुग्णांनाही मुलं होतात असं धरतं. एक जोडीदार रुग्ण आणि दुसरा वाहक अशी जोडपी लाखात तीनच, पण त्यांची निम्मी मुलं आजारी असतात. ती धरली, आणि दोघंही रुग्ण असलेल्या अगदी विरळ जोडप्यांचा नाममात्र वाटा धरला, की ४० पुरे होतात.

प्रत्यक्षात पूर्वी हे रुग्ण लहानपणीच दगावत. म्हणजे समतोलाची एक अट इथे मोडत होती. तरीही एका पिढीत गणित हलतं ते चाळीसवरून साडेअडतीसपर्यंतच, म्हणून पंचवीसांत एक हा अंदाज ढळत नाही.

इथवर आकडेमोड तपासली, समतोल अजून तपासलेला नाही. आपल्या हातात रुग्णांचा एकच आकडा होता आणि बाकी सगळं त्याच्यावरून गृहीतकाने काढलं. त्याच गृहीतकाने ते तपासलं तर जमणारच. समतोल खरोखर आहे का हे कळण्यासाठी तिन्ही प्रकारचे लोक वेगवेगळे मोजावे लागतात.

महाराष्ट्रात सिकलसेलच्या बाबतीत हे शक्य आहे. नंदुरबारपासून गडचिरोलीपर्यंत या आजाराची तपासणी होते आणि रक्ताच्या इलेक्ट्रोफोरेसिसने निरोगी, वाहक (AS) आणि रुग्ण (SS) स्पष्ट वेगळे ओळखता येतात. आता एक काल्पनिक तालुका घेऊ. निम्मी वस्ती अशा समाजाची, ज्यात सिकल जनुकाचं प्रमाण दहा टक्के आहे. उरलेल्या निम्म्या वस्तीत ते मुळीच नाही. दोन्हींत आपसांत लग्नं होत नाहीत. दहा हजार लोकांत, मृत्यू बाजूला ठेवले तर, ५० रुग्ण आणि ९०० वाहक असतील. फक्त रुग्णांवरून गणित मांडलं तर ०.००५ चं वर्गमूळ सुमारे ०.०७१ येतं आणि वाहक १३ टक्के निघतात. प्रत्यक्षात तालुक्यात ते ९ टक्के आहेत; एका समाजात १८, दुसऱ्यात शून्य. तेरा टक्के हा आकडा कुणालाच लागू नाही.

तिन्ही गट मोजले असतील तर हा घोटाळा उघडा पडतो. सिकल जनुकं १०० अधिक ९००, म्हणजे २०,००० त १,०००, q = ०.०५. त्यावरून अपेक्षित रुग्ण २५ आणि वाहक ९५०. दिसतात मात्र ५० आणि ९००. रुग्ण जास्त आणि वाहक कमी दिसले, की वस्तीत वेगवेगळे समाज मिसळून मोजले असावेत किंवा नात्यात लग्नं होत असावीत. मामाच्या मुलीशी लग्नाची चाल जिथे आहे तिथे हा दुसरा संशय आधी घ्यावा. उलट रुग्ण अपेक्षेपेक्षा कमी भरले, तर मोजणी कोणत्या वयाच्या लोकांची होती ते आधी विचारावं. प्रौढांचीच मोजणी झाली असेल, तर लहानपणी दगावलेले रुग्ण त्या यादीत आलेलेच नसतात.