‘अ‍ॅल्युमिनियम-फ्री’ डिओ लावूनही काखेत खाज का येते?

कॅन्सरच्या भीतीने अनेक जण नेहमीचा रोल-ऑन सोडून ‘अ‍ॅल्युमिनियम-फ्री’ डिओ घेतात. आठवड्याभरात काख लाल होते, खाज सुटते. मग नेमकं चुकतं कुठे?

दोन्हींत फरक काय?

ताज्या घामाला जवळपास वास नसतो. काखेतले जिवाणू त्यातले घटक फोडतात, तेव्हा वास सुटतो. डिओडोरंट या जिवाणूंना आवरतं आणि सुगंधाने वास झाकतं, पण घाम येतच राहतो. अँटिपर्स्पिरंट घामच कमी करतं. त्यातले अ‍ॅल्युमिनियमचे क्षार घामाच्या नळीच्या तोंडाशी जेलसारखं तात्पुरतं बूच तयार करतात. म्हणूनच ते रात्री, कोरड्या काखेत लावलं की जास्त चांगलं काम करतं.

मग कॅन्सरचं काय?

अमेरिकेत २००२ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात स्तनाचा कर्करोग झालेल्या ८१३ आणि न झालेल्या ७९३ महिलांची तुलना केली गेली. अँटिपर्स्पिरंटच्या वापराशी कर्करोगाचा संबंध आढळला नाही. त्वचेतून शरीरात जाणारं अ‍ॅल्युमिनियमही अत्यल्प असतं. मात्र किडनीचा आजार असेल, तर डॉक्टरांना विचारूनच वापरा, कारण अ‍ॅल्युमिनियम शरीराबाहेर टाकण्याचं काम किडनीच करते.

आणि हो, अ‍ॅल्युमिनियम नको म्हणून तुरटी फिरवत असाल, तर तुरटी हादेखील अ‍ॅल्युमिनियमचाच क्षार आहे!

खाज कशामुळे?

समजा, तुम्ही नवी ‘नॅचरल’ स्टिक घेतली. तिच्या घटकांच्या यादीत ‘सोडियम बायकार्बोनेट’ दिसलं, तर तो आपला खाण्याचा सोडा. त्वचा किंचित आम्लधर्मी असते आणि सोडा अल्कधर्मी, त्यामुळे नाजूक त्वचेला तो झोंबू शकतो. दुसरा संशयित म्हणजे सुगंध. तो यादीत ‘परफ्यूम’ किंवा ‘फ्रेग्रन्स’ या नावाने असतो. लावताच जळजळ झाली, विशेषतः शेव्हिंगनंतर, तर अल्कोहोल किंवा सोड्यावर संशय घ्या. एक-दोन दिवसांनी खाजरं पुरळ उठलं, तर सुगंधाची अ‍ॅलर्जी असू शकते.

निवडायचं कसं?

सोडा आणि अल्कोहोल नसलेलं, ‘फ्रेग्रन्स-फ्री’ लिहिलेलं उत्पादन घ्या. ‘अनसेंटेड’वर भिस्त ठेवू नका, कारण त्यात मूळ वास दाबण्यासाठी सुगंध घातलेला असू शकतो. काखेत लावण्याआधी कोपराच्या आतल्या बाजूला दिवसातून दोनदा, आठवडाभर लावून बघा. शेव्हिंग केलेल्या दिवशी काहीच लावू नका.

सगळं बंद करूनही दोन आठवड्यांत पुरळ गेलं नाही किंवा त्यातून पाणी येऊ लागलं, तर त्वचारोगतज्ज्ञांकडे जा. जाताना डिओची बाटली सोबत न्या, म्हणजे त्यातले घटक त्यांना बघता येतील.